चाकाचं पाणी

गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पतसंस्थेच्या कर्ज विभागात मी अख्खा दिवस ओलसर कुर्त्यात काढला. रेनकोट चांगला होता, अंगातले कपडे जवळजवळ कोरडे होते. ओला झाला होता तो पिशवीत घडी घालून आणलेला, ऑफिसात गेल्यावर घालायचा कुर्ता. वर त्याच्या खांद्यापासून कमरेपर्यंत एक तपकिरी पट्टा उमटला होता. समोर बसलेले कर्जदार पट्ट्याकडे बघत होते आणि मी त्यांच्या सातबाऱ्याकडे.

कोल्हापुरात माझं घर फुलेवाडीत आणि ऑफिस स्टेशन रोडला. रंकाळ्याच्या कडेनं गंगावेस, सीपीआर, दसरा चौक, व्हीनस कॉर्नर असं सायकलनं अर्ध्या तासाचं अंतर. उन्हाळ्यात याचं काही वाटत नाही. पावसाळ्यात मात्र आपल्याकडे एकदा लागला की आठ-आठ दिवस झड असते, आणि दर वर्षी जून आला की मी सायकल भिंतीला टेकवून स्कूटर काढायचे. मागच्या वर्षी ठरवलं की या खेपेला काढायची नाही. मनात एवढंच होतं, की सॅकवर कव्हर चढवलं की झालं.

सॅकचं कव्हर म्हणजे आंघोळीची टोपी. समोरून झाकतं, पाठीकडून उघडं. रेनकोटच्या टोपीवरून ओघळलेलं पाणी मानेवर येतं, तिथून पाठ आणि सॅक यांच्या फटीत उतरतं, आणि सॅकच्या पाठीकडच्या गादीत मुरतं. गादी स्पंजची, ती पिते. वरून कव्हरच्या तळाशी पाणी साठतं आणि सॅकचा बूड त्यात बसतो. दोन दिवसांत सॅकचा नाद सोडला आणि मागच्या कॅरिअरला अडकवायची पॅनिअर पिशवी मागवली. जाड कापडाची, वर चेन, आत गुंडाळलेलं पिवळं कव्हर. तपकिरी पट्टा आला तो याच पिशवीतून. कव्हर चढवलेलं असताना.

आमच्या सासूबाईंचं म्हणणं, तुझी चेनच लावायची राहिली असणार. नवऱ्याचं म्हणणं, चिनी माल. खरं काय ते कळलं मुलामुळे. तो म्हणाला, "आई, उद्या कपडे नेऊच नकोस. पेपर भर पिशवीत आणि बघ कुठं भिजतोय."

रविवारी सकाळी बऱ्यापैकी पाऊस असताना मी रद्दीतले पेपर कपड्यांसारखी घडी घालून पिशवीच्या चारी बाजूंना लावले, मध्ये एक गठ्ठा ठेवला, आणि रंकाळ्याला एक फेरी मारून आले. घरी येऊन पेपर ओट्यावर पसरले. रस्त्याकडच्या बाजूचा पेपर कोरडा. वरचा जवळजवळ कोरडा. चाकाकडच्या बाजूचा मात्र खालपासून निम्म्या उंचीपर्यंत चिंब, तपकिरी, आणि बोट फिरवलं तर हाताला वाळू लागत होती. आकाशातून पडणारं पाणी तपकिरी नसतं, त्यात वाळू तर नसतेच. हे पाणी रस्त्यावरचं होतं आणि ते चाकानं पिशवीला मारलं होतं. कव्हरचा पिवळा कपडा फक्त बाहेरची बाजू झाकत होता. चाकाकडची बाजू, जिथं हुक असतात, ती उघडीच राहते, कारण झाकली तर पिशवी अडकवायची कुठं?

म्हणजे आधी पिशवी नव्हे, मडगार्ड. माझ्या सायकलला मडगार्ड होतं, पण ते सीटच्या दांड्याला अडकवायचं, मागे शेपटीसारखं वर गेलेलं. ते घेऊन मी गंगावेशीजवळच्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी ते एका बोटानं हलवलं.

"ताई, ह्यो शोचा मडगार्ड हाय. तुमची पाठ वाचवतोय, बाकी काय न्हाई. मधी पिशवी हाय न्हवं? चाक आन् पिशवी ह्यांच्या मधी काय हाय सांगा."

काहीच नव्हतं. कॅरिअरच्या दोन सळ्या होत्या. चाकावरून उडणारं पाणी त्या वरच्या शेपटीपर्यंत पोहोचायच्या आतच दोन्ही बाजूंना फाकत होतं.

मिस्त्रींनी पूर्ण लांबीचा जोड बसवला. मागचं मडगार्ड चाकाला जवळजवळ अर्धा वेढा घालतं, पुढचंही चाकाच्या मागून बरंच खाली उतरतं, आणि दोन्ही तारांनी एक्सलजवळच्या भोकांना आवळलेली. माझं टायर ३८ मिलिमीटरचं, मडगार्ड त्याहून सव्वा-दीड सेंटीमीटर रुंद घेतलं. टायर आणि मडगार्ड यांच्यात करंगळी जाईल एवढी फट ठेवायची, आणि ती सगळीकडे सारखी. मी म्हटलं, आणखी जवळ घेतलं तर पाणी आणखी अडेल की. तर ते म्हणाले, "मग खडा अडकंल. पुढच्या चाकात अडकला तर तुमी हँडलवरनं म्होरं." नंतर कळलं की चांगल्या मडगार्डांच्या पुढच्या तारांना यासाठीच एक प्लास्टिकची चाप असते. काही अडकलं तर ती सुटते आणि चाक जाम होत नाही. माझ्या जोडाला ती नव्हती, म्हणून फट मोठी ठेवली ते बरंच झालं.

पण खरी कमाल मडगार्डची नाही, त्याच्या शेवटी लोंबणाऱ्या फ्लॅपची. पुढच्या चाकाचं टायर जमिनीवरून जिथं उचललं जातं, तिथंच बरंचसं पाणी सुटतं आणि सरळ मागे येतं. मागे काय, तर आपली पावलं आणि सायकलची चेन. विकतच्या मडगार्डचा शेवट त्या जागेच्या बराच वर संपतो, म्हणून मडगार्ड असूनही बूट भिजतात आणि माणूस म्हणतो, मडगार्डचा काय उपयोग नाही बघ. मिस्त्रींनी तेलाच्या पाच लिटरच्या कॅनचं प्लास्टिक हातरुंदीचं कापलं, दोन भोकं पाडली, दोन बोल्ट आणि वॉशर. रस्त्यापासून चार-पाच बोटांवर त्याची कड. पहिल्यांदा याहून लांब कापलं होतं, ते दसरा चौकाच्या अलीकडच्या स्पीडब्रेकरवर घासून दुमडलं आणि चाकाखाली गेलं. दुसऱ्या दिवशी दोन बोटं छाटून घेतलं. कॅन शेंगदाणा तेलाचा, त्यावर अर्धा शेंगदाणा अजून दिसतो.

फ्लॅप लागल्यावर पुढच्या रविवारी पेपरांचा प्रयोग परत केला. चाकाकडचा पेपर जवळजवळ कोरडा निघाला. खालच्या एका कोपऱ्यात रुपयाएवढा डाग, बस. मला इतका आनंद झाला की सोमवारी सरळ कपडे भरले. ते भिजले.

या वेळी डाग नव्हता. वरची घडी नुसती ओली होती, स्वच्छ पाण्यानं. हे पाणी वरचं. त्या दिवशी सकाळी धो-धो होता, रविवारी भुरभुर होती, एवढाच फरक. कव्हर फडफडून एका बाजूनं सरकलं होतं आणि चेनमधून पाणी आत गेलं होतं. चेन साधी असो की रबर लावलेली, ती वर आडवी असली की पाणी तिच्यावर थांबतं आणि वाट काढतं. शिवणीचंही तेच. कापडाला आतून लेप असतो, कापड स्वतः पाणी अडवतं, पण सुईनं पाडलेली शेकडो भोकं तशीच असतात. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेल्या पिशवीचं मी आता आधी तोंड आणि मग शिवण बघते. वरून गुंडाळायचं तोंड आणि शिवणीऐवजी उष्णतेनं जोडलेली किनार, हे दोन्ही असेल तरच त्या शब्दाला अर्थ. ऑर्टलीबसारख्या जर्मन पिशव्या अशाच असतात, पण जोडीची किंमत ऐकून मी पिशवीपेक्षा स्कूटरचा विचार करू लागले.

मधल्या काळात एक उद्योग केला. फ्लेक्सचं कापड म्हणजे पॉलिस्टरच्या जाळीवर प्लास्टिकचा थर, पाणी जायचं नाव नाही, आणि जोड तापवून चिकटवता येतो. कोल्हापुरात फ्लेक्सला तोटा नाही. चौकात उतरवून ठेवलेला कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स मुलाच्या मित्रानं आणला, छपाईवाल्यानं त्याची आतली पिशवी चिकटवून दिली. महिनाभर भाऊ हात जोडून माझा कुर्ता सांभाळत होते. पण तो फ्लेक्स भिंतीवर ताणायला केलेला, रोज गुंडाळायला नाही. तोंडाकडच्या घडीवर आधी पांढऱ्या रेषा आल्या, मग तडे, आणि भाऊंच्या कपाळातूनच पाणी आत गेलं.

शेवटी गुंडाळायच्या तोंडाची, जोडीव किनारीची देशी बनावटीची एकच पिशवी घेतली. वीस लिटरची. एका माणसाच्या एका दिवसाच्या कपड्यांना, टॉवेलला आणि डब्याला तेवढी पुरते. ती लावायलाही शिकावं लागलं, कारण पॅनिअर म्हणजे कॅरिअरला लटकवलेली पिशवी नव्हे, हे तिनं पहिल्याच दिवशी दाखवून दिलं.

पिशवीचे हुक जाड सळीच्या मापाचे असतात. माझ्या कॅरिअरची सळी बारीक, दहा मिलिमीटरची. महागड्या पिशव्यांबरोबर फट भरायला छोटे प्लास्टिकचे तुकडे येतात, माझ्या पिशवीत नव्हते. त्यामुळे खड्ड्यात हुक खडखडायचे. मिस्त्रींनी जुन्या ट्यूबची पट्टी सळीवर दोन वेढे गुंडाळून दिली, खडखड थांबली. खालचा एक हुक असतो, तो कॅरिअरच्या उभ्या सळीमागे गेलाच पाहिजे. तो विसरले त्या दिवशी व्हीनस कॉर्नरला वळताना पिशवी पंखासारखी उघडली आणि परत येताना तिचा खालचा कोपरा तारांना चाटून गेला. कुणी म्हणेल नशीब, मी म्हणेन वेग कमी होता.

दुसरी गोष्ट टाचेची. पायडल मागे येताना टाच पिशवीला लागते. माझ्या सायकलची मागची बाजू आखूड असल्यानं प्रत्येक फेरीला टक, टक. हे रस्त्यावर कळण्यापेक्षा घरी बघावं. पिशवी भरून अडकवायची, सीटवर बसून भिंतीला हात टेकायचा, रोजचेच बूट घालून पायडल उलटं फिरवायचं. बोटभर जागा राहिली पाहिजे. मी हुक सैल करून पिशवी मागे सरकवली, तरी अर्ध्या बोटाची कसर होती. मग हुक थोडे तिरके लावले, म्हणजे पिशवीचा खालचा पुढचा कोपरा मागे गेला. दिसायला पिशवी जरा झुकलेली दिसते, पण टाच सुटली.

पिशवी एकच असल्यानं ती डावीकडे लावते. उजवीकडे चेनचं ग्रीस आणि ओव्हरटेक करणारे वडापवाले, दोन्ही नकोत. पण सायकलचा स्टँडही डावीकडेच. भरलेल्या पिशवीसकट सायकल स्टँडवर लावली की ती सावकाश, अगदी विचार करून, डावीकडे आडवी होते. म्हणून मी आधी सायकल भिंतीला टेकवते, मग पिशवी.

आता तोंड. गुंडाळायच्या तोंडाच्या कडेला एक कडक पट्टी असते. दोन्ही कडा एकावर एक नीट जुळवायच्या, मध्ये सुरकुती राहू द्यायची नाही. पिशवी हलके दाबून हवा काढायची, आणि मग पट्टी घट्ट गुंडाळायची. तीन वेढे तरी. नंतर दोन्ही टोकांच्या चापा बाजूंना खाली ओढून लावायच्या, म्हणजे गुंडाळी उलटी सुटत नाही. मार्चअखेरच्या फायली घरी आणायची सवय मला जुलैतही सुटली नव्हती. एकदा दोन जाड फायली कोंबल्या आणि दीडच वेढा बसला. घरी येईपर्यंत वरच्या फाईलचा कोपरा मऊ झाला होता. पिशवीचा काही दोष नाही. माझी वीस लिटरची पिशवी पाणी अडवते ती सतरा-अठरा लिटर भरली तर. उरलेली जागा गुंडाळीची असते.

कपड्यांची घडी मी अशी घालते. साडीच्या खोक्यातला पुठ्ठा कापून पिशवीच्या पाठीच्या मापाचा केला. त्यावर कुर्ता पाठीकडून गुंडाळायचा, वर सलवार, ओढणी सगळ्यात शेवटी सैल. पुठ्ठा चाकाच्या बाजूला उभा. असं नेलं की इस्त्री निम्म्याहून जास्त टिकते. डबा खाली, कपड्यांना टेकून नाही. डब्यातल्या आमटीनं भिजलेला कुर्ता पावसात भिजलेल्यापेक्षा वाईट, हे वेगळं सांगायला नको. बूट ऑफिसातच असतात. पट्टी, पिना, सेफ्टीपिन, एक जादा अंतर्वस्त्रांचा जोड, सगळं टेबलाच्या खालच्या खणात, कारण कोरडा कुर्ता आणून ओल्या बाकी कपड्यांवर घालण्यात काही अर्थ नसतो.

एवढं करून जुलैच्या शेवटी परत गडबड झाली. पिशवी बाहेरून धडधाकट, आत पाण्याचा थेंब नाही, पण कुर्ता हाताला गार आणि दमट. अंगावर घातला की वाटावं, कुणीतरी आधी घातला होता. पेपर भरून बघितले तर सगळे सारखेच मऊ पडले होते, कुठल्या एका बाजूनं नाही. डाग नाही, ओल नाही, नुसता दमटपणा. हे पाणी बाहेरून आलंच नव्हतं. मीच भरलं होतं. सकाळी घाईत इस्त्री करून गरमागरम कुर्ता पिशवीत घालायचा आणि तोंड तीन वेढे आवळायचं. इस्त्रीची वाफ कापडातच असते, बंद पिशवीत ती जाणार कुठं? वर बाहेरच्या पावसानं पिशवी थंड, म्हणजे वाफ आतून तिच्यावर बसणारच. शिवाय झडीत आपल्याकडे कपडे दोन-दोन दिवस दोरीवर असूनही खरे वाळत नाहीत, नुसते थंड होतात. तेव्हापासून इस्त्री रात्री, आणि रात्रभर कुर्ता पंख्याखाली खुर्चीवर. परतीच्या वाटेवर ओला टॉवेल पिशवीत जात नाही. तो खताच्या पोत्यातल्या आतल्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती कॅरिअरवर रबरानं बांधलेली. रेनकोट ऑफिसात जिन्याखाली टांगते. पहिल्या आठवड्यात तोही पिशवीत कोंबायचे, त्याला काय म्हणावं.

ऑगस्टमध्ये खालच्या कोपऱ्यातली ओल सुरू झाली. रोज एकाच जागी. रात्री दिवे घालवून मुलानं पिशवीत टॉर्च धरला, तर चाकाकडच्या कोपऱ्यात चांदणीसारखं एक भोक दिसलं. कॅरिअरच्या बोल्टचं टोक तिथं रोज घासत होतं. मी हौसेनं पंक्चरची पट्टी आणि सोल्यूशन लावलं. आठ दिवसांत ती सालीसारखी निघाली, कारण ते सोल्यूशन रबरासाठी असतं, प्लास्टिकच्या लेपाला धरत नाही. मग फ्लेक्सवाल्याकडूनच व्हिनाइलचा गोंद आणला. भाऊंच्या फ्लेक्सचा एक तुकडा कोपरे गोल करून कापला, दोन्हीकडची जागा स्पिरिटनं पुसली, गोंद लावून रात्रभर वरवंट्याखाली दाबून ठेवला. बोल्टच्या टोकावर रबराची टोपी बसवली. आता तिथं भाऊंचा एक डोळा आहे आणि पाणी येत नाही.

हे सगळं पावसाला चालतं, पुराला नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे निघाली की आमच्या घरात सकाळी आधी तो आकडा आणि मग चहा. ४३ ही धोक्याची. जयंती नाल्याच्या आसपास पाणी रस्त्यावर येऊ लागलं की मी त्या वाटेनं जातच नाही. पिशवीचा तळ रस्त्यापासून फूटभरच वर असतो, आणि पिशवी पावसासाठी केलेली असते, बुडण्यासाठी नाही. पण पिशवीचं सोडा. पाणी एक्सलपर्यंत आलं की ते चाकाच्या बेअरिंगमध्ये शिरतं. मागच्या वर्षी एकदा हट्टानं तसं पाणी ओलांडलं. नंतर मिस्त्रींनी हब उघडला तर आतलं ग्रीस ताकासारखं पांढरं झालेलं. त्यांनी ते मला बोटावर घेऊन दाखवलं आणि काही बोलले नाहीत. अशा दिवशी मी स्कूटरही काढत नाही, ऑफिसला फोन करते.

संध्याकाळी घरी आल्यावर पिशवीचं तोंड उघडून ती मोरीतल्या खुंटीला उलटी टांगायची, एवढं एक काम कधी चुकवत नाही. सासूबाई तिच्याखाली पेपर टाकतात. सकाळी पेपरावर थेंब दिसला तर त्या मला उठवायला येतात.